न्हाणीघरातील आरशाचे कपाट: औषधे तेथे ठेवावीत का?

मेधा_डोंबिवली

नमस्कार. आमच्या डोंबिवलीच्या घरात न्हाणीघराचे काम चालू आहे. सुताराने बेसिनवर आरशाचे मोठे कपाट सुचवले असून त्यात साबण-शाम्पूबरोबर घरातील सगळी औषधेही राहतील, असे तो म्हणतो. सध्या औषधे तीन ठिकाणी विखुरलेली आहेत: काही स्वयंपाकघरातील फडताळात, काही सासूबाईंच्या उशाशी आणि मुलाची सरबते टीव्हीखालच्या खणात. मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि हल्ली त्याला प्रत्येक झाकण उघडून पाहायचे असते. उंचावरचे एकच कपाट असावे, ही कल्पना त्यामुळेच मला पटली होती.

सासूबाई मात्र ठाम विरोधात आहेत. पावसाळ्यात तेथे टॉवेलसुद्धा वाळत नाही, गोळ्या कशा टिकतील, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना थायरॉईडची गोळी रोज लागते, सासरे रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात. माझे दोन प्रश्न आहेत. पट्टीत बंद असलेल्या गोळीला न्हाणीघरातील ओलाव्याने खरोखर काही होते का? आणि कपाट उंच असले की लहान मुलाच्या दृष्टीने तेवढे पुरते का?

सह्यकडा

सगळी औषधे फ्रिजमध्ये ठेवा. ओलावा नाही आणि उकाडाही नाही.

प्लायवाला_नाशिक

न्हाणीघरात साध्या प्लायचे कपाट अजिबात करू नका. कडेची पट्टी सुटते, तेथून पाणी शिरते आणि दोन पावसाळ्यांत दार फुगून बसत नाही. पीव्हीसी बोर्ड किंवा ॲल्युमिनियमची चौकट घ्यावी, बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्याच मागाव्यात आणि कपाटाची पाठ भिंतीला चिकटवू नये, थोडी फट राखावी. भिंतीच्या पलीकडे दुसरे न्हाणीघर असेल तर ती भिंत बारा महिने गार आणि ओलसर असते, आणि बुरशी आधी तेथूनच धरते.

मेधा_डोंबिवली

धन्यवाद. प्रश्न कपाटाच्या लाकडाचा नव्हता, आत काय ठेवावे हा होता; पण पाठीमागच्या भिंतीचा मुद्दा उपयोगी आहे. आमच्या बेसिनच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे न्हाणीघरच आहे.

फार्मासिस्ट_कुडाळ

मेधाताई, मी कोकणात औषधांचे दुकान चालवतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात ओलावा हाच माझा रोजचा विषय असतो. तुमच्या सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे, मात्र सगळ्या गोळ्यांना ते सारखे लागू होत नाही.

प्रथम पट्टी पाहावी. दोन्ही बाजूंनी जाड, अपारदर्शक ॲल्युमिनियम असलेल्या पट्टीत ओलावा सहसा शिरत नाही. ज्या पट्टीत एका बाजूने गोळी दिसते, तो पारदर्शक भाग साध्या प्लास्टिकचा असेल तर त्यातून पाण्याची वाफ अगदी सावकाश का होईना, आत जाते. कपाटात महिनोन्‌महिने दमट हवा राहिली की तो सावकाशपणा उपयोगाचा राहत नाही. दुकानातून पट्टी कापून आणली असेल तर कात्री कप्प्याच्या अगदी कडेवरून गेलेली नाही ना, हे बोटाने दाबून पाहावे. कड सुटली असेल तर ती गोळी उघडीच समजावी. कापलेल्या तुकड्यावर मुदतीची तारीख राहत नाही, ही आणखी एक अडचण.

आता तुमच्या घरातील औषधांविषयी. रक्त पातळ ठेवण्यासाठी बहुधा कमी मात्रेची ॲस्पिरिन दिलेली असेल. ओलाव्याने ॲस्पिरिनचे विघटन होऊन त्यातून सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल तयार होते. ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधील आंबटपणा. गोळीला आंबूस वास येत असेल तर ती टाकून द्यावी. थायरॉईडची गोळी अनेकदा शंभर किंवा त्याहून अधिक गोळ्यांच्या बाटलीत येते. तिच्यातील औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते आणि ते ओलावा, उष्णता आणि प्रकाश या तिन्हींनी बिघडते. शंभर गोळ्यांची बाटली तीन महिन्यांहून अधिक काळ रोज उघडली जाते. ती दररोज आंघोळीनंतरच्या वाफेत उघडली तर प्रत्येक वेळी तीच हवा आत कोंडली जाते. शिवाय ही गोळी दिसायला जशीच्या तशी राहते, तिला वास येत नाही, त्यामुळे बिघाड घरी ओळखता येत नाही. म्हणून ही बाटली न्हाणीघरात ठेवूच नये.

सह्यकडा यांना नम्रपणे सांगतो की, ज्या औषधावर २ ते ८ अंश असे लिहिले आहे तेवढेच फ्रिजमध्ये ठेवावे. पावसाळ्यात गार बाटली बाहेर काढून झाकण उघडले की आतल्या गोळ्यांवर दव धरते, म्हणजे जे टाळायचे तेच घडते. पाणी घालून तयार केलेले प्रतिजैविकाचे सरबत हा वेगळा प्रकार आहे. त्यातील पुष्कळशी फ्रिजमध्येच ठेवावी लागतात आणि वेष्टनावर सांगितलेल्या दिवसांत संपवावी लागतात.

सह्यकडा

दवाचा मुद्दा पटला. पण आमच्याकडे इन्सुलिन फ्रिजच्या दारात असते. ते तरी योग्य आहे ना?

फार्मासिस्ट_कुडाळ

फ्रिजमध्ये हे योग्य, पण दारात नको; दार सारखे उघडते आणि तेथले तापमान वरखाली होते. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकवता डब्यात ठेवावे. बर्फकप्प्याजवळ गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरू नये. सध्या चालू असलेले पेन बाहेर ठेवता येते, मात्र किती दिवस ते त्याच्या वेष्टनावर पाहावे. बऱ्याच प्रकारांना ती मुदत २८ दिवसांची असते.

वर्षा_ठाणे

आमच्याकडे आरशाचे कपाट आहे आणि कुतूहल म्हणून मी गेल्या जुलैत त्यात लहानसा डिजिटल आर्द्रतामापक ठेवला होता. सकाळी कोणीही आंघोळ करण्यापूर्वी कपाटात ७८ टक्के आर्द्रता असे. घरातील सगळ्यांच्या गरम पाण्याच्या आंघोळी झाल्या की बाहेर बेसिनजवळ ती ९५ च्या वर जाई. कपाट बंद असूनही आतला आकडा हळूहळू चढून ९० च्या आसपास पोहोचत असे. मला महत्त्वाचे वाटले ते यापुढचे. न्हाणीघरातील हवा तासाभरात सुधारत असे, पण कपाटातील आकडा दुपारपर्यंत खाली येत नसे. दार बंद असल्यामुळे वाफ आत शिरायला जसा वेळ लागतो, तसाच बाहेर पडायलाही लागतो. त्याच काळात शयनगृहातील लोखंडी कपाटात, आतल्या भिंतीच्या बाजूला, ७० च्या आसपास आकडा होता.

पंखा लावून फरक पडतो, पण मर्यादित. बाहेरची हवाच ८५ टक्क्यांची असताना एक्झॉस्ट पंखा आंघोळीची वाफ काढून टाकतो, हवा त्याहून कोरडी करू शकत नाही.

तात्या_सांगली

एवढे मोजमाप करण्याची गरज नाही. कपाटाच्या कोपऱ्यात वाटीभर तांदूळ ठेवावेत, मिठात घालतो तसे, आणि औषधांच्या डब्यात बुटांच्या खोक्यातील सिलिकाच्या पुड्या टाकाव्यात. ओलावा शोषला जातो. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले आहे.

फार्मासिस्ट_कुडाळ

तात्या, सिलिकाचे तत्त्व खरे आहे, पण ते घट्ट झाकणाच्या डब्यातच चालते. कपाटाला फटी असतात, त्यामुळे पुडी बाहेरून येणारी वाफ पीत राहते आणि थोड्याच दिवसांत तिची क्षमता संपते. बुटांच्या खोक्यातून काढलेली पुडी बहुधा आधीच भरलेली असते. तांदळात मुळातच १२-१३ टक्के पाणी असते, म्हणून गोळ्या कोरड्या ठेवण्याइतकी शक्ती त्याच्यात नाही. मिठातील तांदूळ गुठळ्या मोडायला उपयोगी पडतात, तो भाग निराळा.

एक विनंती सर्वांनाच करतो. ज्या बाटलीच्या झाकणात किंवा आत औषध कंपनीने स्वतःच शोषक घातलेला असतो, तो काढून टाकू नये. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांच्या नळीचे झाकण याच कारणाने पोकळ आणि जाड असते. ते नीट लागले नाही तर गोळ्या फुगतात, नळीत अडकतात आणि पाण्यात टाकल्यावर पूर्वीसारख्या उसळत नाहीत. ओलाव्याचा परिणाम डोळ्यांनी पाहायचा असेल तर याहून स्पष्ट उदाहरण घरात सापडणार नाही.

अण्णा_पार्ले

साखर मोजायच्या पट्ट्यांचे कोणी बोललेच नाही. माझे यंत्र न्हाणीघरात ठेवलेले असे, कारण हात धुऊन लगेच मोजता येत असे. पावसाळ्यात आकडे विचित्र येऊ लागले; तेच बोट, तीच वेळ आणि लागोपाठच्या दोन मोजण्यांत मोठा फरक. प्रयोगशाळेतील तपासणी मात्र नेहमीसारखी होती. नवी डबी उघडून ती बैठकीच्या खोलीत ठेवल्यावर आकडे पुन्हा जुळू लागले.

फार्मासिस्ट_कुडाळ

अण्णा, हा मुद्दा फार मोलाचा आहे. त्या पट्टीवरील रासायनिक थर ओलाव्याने बिघडतो आणि आकडा कमी किंवा जास्त कसाही येऊ शकतो. त्या आकड्यावरून कोणी इन्सुलिनची मात्रा ठरवत असेल तर ते धोक्याचे आहे. पट्टी काढल्याबरोबर डबीचे झाकण टक्‌ असा आवाज येईपर्यंत लावावे आणि पट्ट्या दुसऱ्या डबीत ओतू नयेत. दम्यासाठी यंत्रातून ओढायच्या भुकटीच्या कॅप्सूलही याच वर्गातील आहेत. दमट हवेत भुकटीचे कण एकमेकांना चिकटतात आणि फुप्फुसात खोल जाण्याऐवजी घशातच बसतात. रुग्ण म्हणतो औषध लागू पडत नाही, आणि कारण बाटलीच्या उघड्या झाकणात असते.

वैदेही_न्यूजर्सी

इकडे बेसिनवरच्या आरशाच्या कपाटाला औषधांचे कपाट असेच म्हणतात, आणि जुन्या घरांत ते भिंतीतच बसवलेले असते. तरीही औषध घेताना मिळणाऱ्या कागदावर न्हाणीघरात ठेवू नका असे बहुधा लिहिलेले असते. मेधाच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी सांगते. येथे १९७० च्या कायद्यानुसार बहुतेक औषधांना दाबून फिरवायचे झाकण असते. मीही पूर्वी त्यावर निर्धास्त होते. पण त्या झाकणाची कसोटी अशी आहे की साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांच्या गटाला बाटल्या देतात, पाच मिनिटे वाट पाहतात, मग उघडण्याची कृती दाखवून आणखी पाच मिनिटे देतात. त्या दहा मिनिटांत ८० टक्के मुलांना ते उघडता आले नाही तर झाकण उत्तीर्ण. म्हणजे पाचातील एखादे मूल उघडू शकते, हे त्या कसोटीतच गृहीत आहे. ते झाकण आपल्याला काही मिनिटे मिळवून देते, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

अण्णा_पार्ले

ती झाकणे माझ्या संधिवाताच्या बोटांना उघडत नाहीत. मुलीने परदेशातून आणलेली बाटली मी शेवटी झाकण सैल ठेवूनच वापरली. वृद्ध माणसाला रात्री-अपरात्री गोळी लागते. जिभेखाली ठेवायची गोळी कुलपात ठेवून किल्ली शोधत बसायचे का?

डॉ_बालरोग_सातारा

अण्णांचा प्रश्न अवघड आहे, त्याकडे शेवटी येते. आधी मेधाताईंच्या उंचीच्या प्रश्नाचे उत्तर देते.

आपल्या न्हाणीघरात बेसिनच्या शेजारी बहुधा कमोड असतो. मिटलेले झाकण ही पहिली पायरी, फ्लशची टाकी ही दुसरी आणि बेसिनची कड ही तिसरी. कमोड नसेल तर उपडी बादली किंवा प्लास्टिकचा स्टूल असतो. अडीच-तीन वर्षांचे मूल या पायऱ्या चढू शकते, आणि आरशात स्वतःला पाहण्यासाठी ते आनंदाने चढते. पडले तर खाली ओली फरशी असते. म्हणून न्हाणीघरातील उंची ही खोलीतील उंचीइतकी सुरक्षित नाही, तेथे कडी किंवा कुलूप हवेच.

आता एक हिशेब मांडते. तापाचे पॅरासिटामॉलचे सरबत ६० मिलिलिटरच्या बाटलीत येते आणि ते गोड असते. दर ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेली बाटली पूर्ण भरलेली असेल तर तिच्यात ३,००० मिलिग्रॅम औषध होते. बारा किलोच्या मुलाला तापासाठी एका वेळी साधारण १८० मिलिग्रॅम पुरते. तेच मूल सगळी बाटली प्यायले तर दर किलोला २५० मिलिग्रॅम पोटात गेले. एका वेळी दर किलोला १५० मिलिग्रॅमच्या पुढे आम्ही यकृताच्या दृष्टीने काळजी करू लागतो, आणि मुलाला घरी ठेवून वाट पाहणे योग्य नसते. पालकांची फसगत येथे होते, कारण पहिल्या दिवशी मूल खेळत असते. फार तर एखादी उलटी होते. त्रास दिसू लागतो तेव्हा यकृताची हानी सुरू झालेली असते. यावर उतारा आहे आणि पहिल्या आठ तासांत दिला तर तो फार चांगला काम करतो. म्हणून मूल बरे दिसत असले तरी बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालयात यावे. औषध किती वाजता घेतले असेल आणि बाटलीत आधी किती शिल्लक होते, हे आठवून सांगावे. रक्तातील पातळी औषध पोटात गेल्यानंतर चार तासांनी तपासली तर तिचा अर्थ लावता येतो, त्यासाठी वेळ महत्त्वाची असते.

घरात गरोदर किंवा बाळंतीण असेल तर लोहाच्या लाल गोळ्या मुलांना गोळ्या-चॉकलेटसारख्या वाटतात. त्यातही आधी उलट्या, मग बरे वाटल्याचा आभास आणि नंतर प्रकृती ढासळणे, असा क्रम असू शकतो.

मेधा_डोंबिवली

डॉक्टरताई, हा हिशेब वाचून टीव्हीखालचा खण लगेच रिकामा केला. आमच्याकडे याच मात्रेचे सरबत आहे. मग न्हाणीघरातील कपाटात फक्त साबण, शाम्पू आणि दाढीचे सामान ठेवावे, असे ठरवू का?

डॉ_बालरोग_सातारा

हो, पण त्यातही निवड करावी. निलगिरीचे तेल सर्दीसाठी गरम पाण्यात टाकतात म्हणून ते न्हाणीघरातच राहते. चमचाभर तेल पोटात गेले तरी लहान मुलाला गुंगी किंवा झटके येऊ शकतात. कापराचेही तसेच. बेसिनच्या जाळीवर पांढऱ्या डांबरगोळ्या ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. त्या पेपरमिंटसारख्या दिसतात आणि काही मुलांच्या तांबड्या पेशी त्यांनी फुटू लागतात. त्या जाळीवरून काढाव्यात.

सर्वांत धोक्याची वस्तू मात्र उंच कपाटात नसतेच, ती कमोडच्या मागे जमिनीवर असते. शौचालय साफ करण्याच्या द्रवात आम्ल असते. ते पोटात गेले तर मुलाला उलटी करायला लावू नये, कारण वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. मिठाचे पाणी पाजणे हा घरगुती उपाय तर कुठल्याच विषबाधेत करू नये. तोंड पुसावे आणि बाटलीसह रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे, आणि दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील विषबाधा माहिती केंद्राचा क्रमांक १८०० ११६ ११७ हा आहे. तो आरशाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा. फिनाईल किंवा आम्ल थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही काढून ठेवू नये.

विदर्भवासी

हा सगळा धागा कोकणच्या पावसाळ्याभोवती फिरतो आहे. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेले शयनगृहातील कपाट हाताला गरम लागते आणि घरातील सर्वांत गार खोली न्हाणीघरच असते. औषधांवर ३० अंशांखाली ठेवा असे लिहिलेले असते. मग आम्ही कोणते संकट निवडायचे?

फार्मासिस्ट_कुडाळ

आपला आक्षेप रास्त आहे. पश्चिमेची भिंत टाळावी, वरची फळी टाळावी, कारण छताजवळ उष्णता साठते, आणि घराच्या मधल्या खोलीतील जमिनीपासून छातीएवढ्या उंचीचा कप्पा निवडावा. मात्र त्या खोलीत कूलर असेल तर तेथील हवा न्हाणीघराइतकीच दमट होते, हे लक्षात असू द्यावे. पारा ४५ वर असताना वातानुकूलनाशिवाय घरात ३० अंश राखणे शक्य नसते. अशा वेळी उन्हाळ्यापुरता साठा कमी ठेवावा, तीन महिन्यांची औषधे एकदम न घेता महिन्याची घ्यावीत, एवढाच उपाय मला दिसतो.

विदर्भवासी

साठा कमी ठेवण्याचे पटले. पण छातीएवढी उंची म्हणजे पुन्हा लहान मुलांच्या टप्प्यात. डॉक्टर म्हणतात उंच ठेवा, आपण म्हणता मध्ये ठेवा.

डॉ_बालरोग_सातारा

म्हणूनच उंचीपेक्षा कुलपावर भर द्यावा. स्टीलच्या कपाटातील आतली तिजोरी बहुतेक घरांत असते, तिला कुलूप असते आणि ती मध्यम उंचीवरच असते. दागिने बँकेत आणि औषधे तिजोरीत, असे मी पालकांना सांगत असते आणि ते मनापासून सांगत असते.

अण्णा, जिभेखालच्या गोळीचे उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. ती कुलपात ठेवू नये हे मला मान्य आहे. ती मूळ वेष्टनातच, सदऱ्याच्या खिशात किंवा गळ्यातील छोट्या डबीत, म्हणजे अंगावर असावी. उशाशी किंवा टेबलावर नसावी. पण रात्री सदरा खुंटीवर जातो, हेही मी जाणते.

अण्णा_पार्ले

नातवंडे सुट्टीला येतात तेव्हा मी ती सदऱ्यातून काढून मच्छरदाणीच्या वरच्या कोपऱ्याला पिशवीत टांगतो. एरवी टेबलावरच राहील. आठवड्याच्या सात खणांच्या डबीचे काय? ती तर उघडझाप करायला अगदी सोपी असते.

फार्मासिस्ट_कुडाळ

सात खणांची डबी हवाबंद नसते, म्हणून तीत एका आठवड्यापेक्षा जास्त गोळ्या काढू नयेत आणि पावसाळ्यात ॲस्पिरिन तर पट्टीतच राहू द्यावी; कात्रीने एकेक कप्पा कापून तो अखंड कप्पाच खणात ठेवता येतो. मात्र गोळी वेष्टनासकट गिळली जाण्याचा धोका असतो, म्हणून नजर कमी झालेल्या किंवा विसराळू व्यक्तीसाठी ही युक्ती वापरू नये.

मेधा_डोंबिवली

आमच्यापुरता निर्णय असा झाला आहे. आरशाचे कपाट होईल, पण निम्म्या आकाराचे आणि शेजाऱ्यांच्या भिंतीवर नव्हे. त्यात साबण, शाम्पू आणि टूथपेस्ट राहील. दाढीची पाती आणि माउथवॉश वरच्या कडी असलेल्या कप्प्यात. औषधे शयनगृहातील तिजोरीत, घट्ट झाकणाच्या डब्यात राहतील. कापलेल्या पट्टीवर मी मुदतीची तारीख चिकटपट्टीवर लिहून लावते आहे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सासूबाई थायरॉईडची गोळी पहाटे उठल्याबरोबर उपाशीपोटी घेतात आणि त्या वेळी आम्ही झोपलेले असतो. बाटली उशाशी असावी असे त्यांना वाटते, आणि मुलगा सकाळी आधी त्यांच्याच खोलीत जातो.

वर्षा_ठाणे

आमच्या आई रात्री झोपताना दुसऱ्या दिवसाची एकच गोळी छोट्या झाकणाच्या डबीत काढून घेतात आणि बाटली लगेच कपाटात परत जाते. गोळी विसरली तर डबीत दिसते, आणि एका गोळीची डबी त्या खिडकीच्या वरच्या कडेला ठेवतात.

डॉ_बालरोग_सातारा

हे चालेल, मात्र सासूबाईंनी गोळी घेतल्यावर रिकामी डबी मुलाला खेळायला देऊ नये. उद्या भरलेली डबी त्याला तीच वाटेल.